एक नंबर, दोन उमेदवार: बडोद्यातल्या एका सीएनसी संस्थेच्या प्रमाणपत्रांचे प्रकरण

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये एके सकाळी दोन मुलं सीएनसी लेथच्या ऑपरेटरसाठी मुलाखतीला आली. दोघांनी एकाच संस्थेची, एकाच बॅचची प्रमाणपत्रं आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. तिथल्या एचआरच्या बाईंनी दोन्हींवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला. दोन्ही वेळा संस्थेचीच खरी वेबसाइट उघडली आणि हिरवी खूण आली: ‘प्रमाणपत्र वैध आहे.’ बाई पुढे गेल्याही असत्या. पण फॉर्मवर नंबर उतरवताना त्यांचा हात थांबला, कारण दोन्ही कागदांवर एकच नंबर होता.

त्यांनी संस्थेत फोन केला. “बेन, तुमच्याकडे एका नंबरावर दोन पोरं पास होतात का?”

ही संस्था दांडिया बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आहे. दोन लेथ, एक सिम्युलेटरची खोली, मोजमापाचं टेबल आणि वीस जणांची बॅच, एवढाच पसारा. ती चालवणाऱ्या ताईंच्या आजोबांचं कलाभवनाचं प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं आहे. कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था बडोद्यात १८९० साली सुरू झाली. त्या कागदाला कोड लागला नाही, कारण गिरणीतला फोरमन शिकवणाऱ्या मास्तरांना ओळखत होता. नातीचे विद्यार्थी मात्र कामाला हालोलला, पुण्याला, चाकणला जातात आणि तिथे दांडिया बाजारातलं कुणी ओळखीचं नसतं. संस्थेचं संगणकाचं काम अधूनमधून मी पाहतो, म्हणून दुसरा फोन मला आला.

काहीच फोडलं नव्हतं

ताईंचा पहिला प्रश्न होता, “आपली साइट कुणी हॅक केली का?” कुणी केली नव्हती. प्रमाणपत्राच्या पीडीएफवर ताईंची डिजिटल सही होती, क्लास ३ची, यूएसबी टोकनने केलेली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अशी सही मानतो. सही झालेल्या पीडीएफमधलं एक अक्षर बदललं तरी सही तुटते, आणि त्या भरवशावर ताईंनी पैसे मोजले होते. पण दोघांपैकी ज्याचा कागद बनावट होता, त्या मुलाने पीडीएफला हातच लावला नाही. मित्राच्या प्रमाणपत्राचं चित्र घेतलं, फोनवरच्या अॅपमध्ये नाव आणि फोटो बदलले, आणि चित्र म्हणूनच पुढे पाठवलं. चित्रात सही नसते, सहीचा छाप असतो. एचआरच्या बाईंना मूळ पीडीएफ मिळाली असती तरी फारसा फरक पडला नसता. फोनवर पीडीएफ दाखवणारी बहुतेक अॅपं सही तपासत नाहीत. संगणकावर उघडली तर पिवळं प्रश्नचिन्ह येऊन ‘Validity unknown’ असं दिसू शकतं. आधारची पीडीएफ उघडणाऱ्यांना हे चिन्ह चांगलं ओळखीचं आहे. खऱ्या सहीवरही प्रश्नचिन्ह पाहायची सवय झाली, की माणूस त्याकडे बघणं सोडून देतो.

म्हणजे कागदाची राखण करून उपयोग नाही. कागद कुणीही रंगवू शकतो. राखायची असते ती संस्थेकडची नोंद, आणि समोरच्या माणसाला कागद व नोंद शेजारी ठेवून बघता आले पाहिजेत. इथे तेच जमत नव्हतं. पडताळणीचं पान फक्त ‘वैध आहे’ म्हणत होतं. कोण वैध, कशासाठी वैध, हे सांगत नव्हतं. ज्याने पान बनवलं त्याने ‘खासगी माहिती नको’ म्हणून नावही लपवलं होतं. हेतू चांगला होता, पण त्यामुळे एका खऱ्या नंबरावर कितीही नावं चिकटवता येत होती.

दुसरी खोट मला पत्त्याच्या पट्टीत दिसली. क्यूआर उघडल्यावर दुव्याच्या शेवटी `verify?id=147` असं होतं. मी १४८ टाकलं, हिरवी खूण. १४९, हिरवी खूण. ज्याला मित्राचं प्रमाणपत्र मिळत नाही, त्यानेही अंदाजाने नंबर घातला असता तर लागला असता.

ही दुसरी खोट आधी काढली, कारण ती सोपी होती. नोंदवहीतला अनुक्रमांक संस्थेच्या सोयीसाठी राहू दिला, पण पडताळणीसाठी वेगळा, कसलाही क्रम नसलेला कोड काढायचा ठरलं.

```python
import secrets
A = "0123456789ABCDEFGHJKMNPQRSTVWXYZ"
code = "".join(secrets.choice(A) for _ in range(10))
```

या ३२ अक्षरांत I, L, O आणि U नाहीत. कागदावरून कोड वाचणारा माणूस शून्य आणि O, किंवा एक आणि I यांत हमखास घोळ करतो. दहा अक्षरांचे सुमारे १,१२६ लाख कोटी वेगवेगळे कोड होतात. उद्या संस्थेने ५,००० प्रमाणपत्रं दिली, तरी अंदाजाने ठोकत बसलेल्याला सरासरी साडेबावीस हजार कोटी प्रयत्नांत एक लागेल. `random` ऐवजी `secrets` वापरण्याचं कारण असं, की `random`चे आकडे पुरेसे जमवले तर पुढचे ओळखता येतात. छापताना कोड पाच-पाच अक्षरांत तोडला, म्हणजे फोनवर सांगायला बरा.

मग पान बदललं. आता कोड टाकला की नाव, लहान फोटो, कोर्स, तारखा आणि निकाल दिसतो. वर मोठ्या अक्षरांत ओळ आहे: ‘हातातल्या कागदाशी नाव आणि फोटो जुळवून बघा.’ हिरवी खूण काढूनच टाकली. ताईंना ती आवडत होती, पण खूण दिसली की लोक पुढचं वाचत नाहीत.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. बनावट कागदावरचा क्यूआर भलत्याच साइटवर नेऊ शकतो. संस्थेच्या नावात एक आडवी रेघ जास्त, बाकी पान हुबेहूब. म्हणून कागदावर साइटचा पत्ता अक्षरांत छापला आणि ‘पत्ता स्वतः टाइप करा’ असं लिहिलं. किती जण तसं करतात कोण जाणे. आणि तो पत्ता दर वर्षी पैसे भरून चालू ठेवावा लागतो. चुकून सुटला आणि दुसऱ्याने घेतला, तर आजवरचे सगळे क्यूआर त्याच्या दारात जाऊन उभे राहतील. सध्या तो पाच वर्षांचा भरून ठेवला आहे, आणि नूतनीकरणाची सूचना ताईंच्या आणि त्यांच्या सीएच्या, दोघांच्या मेलवर जाते.

नोंदीत काय हवं

इथपर्यंत काम तीन दिवसांचं होतं. खरा वेळ गेला तो पुढे. नवं पान एचआरच्या बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “नाव कळलं, फोटो कळला. पण हा करतो काय?”

पानावर कोर्सचं नाव होतं ‘सीएनसी कोर्स’, तास ३६०. बाईंच्या शॉपफ्लोअरवर दोन वेगळी कामं आहेत. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल सुरू करतो, मोजतो, इन्सर्ट झिजला की बदलतो. सेटर टूल ऑफसेट आणि `G54` घेतो, म्हणजे टूलची मापं आणि जॉबचा शून्यबिंदू मशीनला देतो, आणि पहिला पीस काढून देतो. पगारातही फरक आहे. ‘सीएनसी कोर्स’ या दोन शब्दांत यातलं काहीच कळत नाही. शिवाय मशीनचा संगणक, म्हणजे कंट्रोल, फानुक कंपनीचा की सीमेन्सचा? फानुकवर शिकलेल्याला सीमेन्सची स्क्रीन पहिले काही दिवस परकीच वाटते.

मग आम्ही ३६० तासांची चिरफाड करायला बसलो. आठवड्याला सहा दिवस, रोज पाच तास, बारा आठवडे. त्यात वर्ग आणि मोजमाप १२०, सिम्युलेटर ९०, मशीन १५०. ताई म्हणाल्या, मशीनचे १५० तास लिहू, ऐकायला भारदस्त आहे. मी सहज भागाकार केला. वीस मुलं, दोन मशीन, म्हणजे एका मशीनवर दहा जण. प्रत्येकाचा स्वतःचा हात पॅनेलवर असतो तो दीडशे भागिले दहा, साधारण पंधरा तास. उरलेला वेळ तो दुसऱ्याचं काम बघत उभा असतो. बघूनही शिकता येतं, नाही असं नाही, पण ‘मशीनवर १५० तास’ वाचणाऱ्याला ते तसं समजणार नाही.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तास राहू देत. जॉब लिहू.”

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच. संस्थेत प्रत्येक मुलाचं जॉबकार्ड असतंच, फक्त ते कपाटात पडून राहायचं. आता नोंदीत तेच येतं: फेसिंग आणि स्टेप टर्निंग, टेपर, ग्रूव्हिंग, शेवटी `M20x1.5` आटे. प्रत्येकापुढे मुलाने तो एकट्याने काढला की मदतीने, मागितलेलं माप आणि सूट किती (स्टेप टर्निंगला ±०.०२ मिमी), मायक्रोमीटरवर किती आलं, कुणी मोजलं आणि कधी. मोजणारा आणि शिकवणारा एकच असेल तर तेही दिसतं. आधी ते एकच होते. आता शेवटचा जॉब दुसऱ्या बॅचचे सर मोजतात. तास राहिलेच, पण तीन भागांत मोडून, आणि मशीनच्या तासांपुढे ‘दहा जणांत एक मशीन’ असं स्पष्ट लिहून.

कोर्सला आवृत्तीही दिली. दोन वर्षांपूर्वीच्या अभ्यासक्रमात आटे नव्हते. तेव्हाच्या मुलाचा कोड आज उघडला तर आजचा अभ्यासक्रम दिसता कामा नये. त्याच्या नोंदीवर त्याच्या बॅचचाच अभ्यासक्रम गोठवलेला असला पाहिजे. नवीन पान बनवणारे इथे सहज घसरतात: कोर्सची माहिती एका जागी ठेवतात आणि प्रमाणपत्रातून तिकडे बोट दाखवतात. मग अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रमाणपत्रं, कुणी हात न लावता, आपोआप बदलतात.

नाव, आणि एक अर्धा र

नावाला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. गुजरातेतल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आपल्या सवयीने शेवटी. त्यात एकाच घरात भावाचं `Jadhav` आणि बहिणीचं `Jadav`. ठरलं असं, की नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, अक्षर न अक्षर. मुलाला हवं तर शेजारी मराठीत, आणि प्रमाणपत्र निघण्याआधी मुलाने स्वतः स्क्रीनवर वाचून होकार द्यायचा.

मराठीतच एक गाठ बसली. ‘गोऱ्हे’ या आडनावातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ (`U+0931`) आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह (`U+200D`). डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ऑफिसात एका कळफलकाने भरलेलं नाव दुसऱ्या कळफलकाने शोधलं तर ‘नोंद नाही’. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (`NFC`) या दोघांना एक करत नाही, म्हणून नाव साठवण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ वेगळी लिहावी लागली. हे वेळेत सापडलं ते बरं, कारण पुढची पायरी अक्षराअक्षरावर चालते.

घरचा चोर

ताईंनी एकदा सहज विचारलं, “आणि आपल्याच ऑफिसातल्या कुणी मागची तारीख टाकून एक ओळ वाढवली तर?” तोवर सगळं एक्सेलमध्ये होतं आणि त्याचा पासवर्ड चार जणांना ठाऊक होता. तसं काही झाल्याचं सापडलं नाही. झालं असतं तरी सापडलं नसतं.

त्यावर उपाय जुन्या रोजकीर्दीसारखाच. पानांना नंबर असतात, मधलं पान फाडलं तर कळतं. संगणकात तेच काम `SHA-256` करतं. कितीही मोठा मजकूर द्या, त्यातून ६४ अक्षरी ठसा निघतो, आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं की ठसा पार वेगळा. आम्ही प्रत्येक नोंदीचा ठसा काढताना त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळतो. त्यामुळे मागची एखादी ओळ बदलली किंवा मध्ये घुसवली, तर तिथून पुढचे सगळे ठसे बिघडतात. पण ज्याच्या हातात सगळी फाइल आहे तो सगळे ठसे पुन्हा काढू शकतो. म्हणून दर शनिवारी शेवटचा ठसा सीएंना मेल होतो आणि हजेरीच्या वहीत पेनने उतरवला जातो. ६४ अक्षरं हाताने लिहायला क्लार्क कुरकुरतो, मग पहिली सोळा लिहिली तरी चालतील म्हटलं.

मधल्या काळात एक विक्रेता हे सगळं ब्लॉकचेनवर करून द्यायला आला होता. वर्षाला साठ-सत्तर प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेला सीएंचा मेलबॉक्स पुरतो. आणि दोन्हींची मर्यादा एकच आहे: नोंद नंतर बदलली का, एवढंच ठशाने कळतं. ती मुळात खरी भरली होती का, हे कळत नाही. त्यासाठी मोजणारे सर वेगळे लागतात.

चूक दुरुस्त करायची तर? पुसायचं नाही. जुनी नोंद तशीच राहते, नवी निघते, नवा कोड मिळतो. जुना कोड टाकला तर ‘बदलले, अमुक तारखेला’ असं दिसतं. प्रमाणपत्र मागे घेतलं तर ‘रद्द’, तारखेसह. कारण पानावर दाखवत नाही, ते आत नोंदलेलं असतं. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘रद्द’ यांत फरक राखणं महत्त्वाचं, नाहीतर टायपिंगच्या चुकीने एखादा भला मुलगा खोटा ठरतो.

डिजिटल सही आम्ही सोडली नाही. कागदाला ती भक्कम आधार देते. फक्त सहीच्या वेळी वेळेचा शिक्काही घ्यायला सुरुवात केली. सहीचं टोकन दोन-तीन वर्षांत संपतं, मुलाचं प्रमाणपत्र मात्र वीस वर्षं चालायचं असतं. सही टोकन चालू असतानाच झाली होती, हे पुढे त्या शिक्क्यावरून दाखवता येतं.

काय नोंदवायचं नाही, यावर वाद कमी झाला. ऑफिसात प्रवेशाच्या वेळी आधारची झेरॉक्स घ्यायची पद्धत होती आणि तोच नंबर ओळख म्हणून छापावा, असं क्लार्कने सुचवलं. आधार कायदा हा नंबर जाहीर प्रसिद्ध करू देत नाही. इथे त्याची गरजही नाही. मोबाइल, पत्ता, जात, फी बाकी, यातलं काहीही पानावर नाही. जन्मतारखेचं फक्त वर्ष आहे, तेही एका नावाचे दोघे असतात म्हणून. फोटो दाखवायला मुलाची लेखी संमती घेतो. वैयक्तिक डेटासंबंधीच्या २०२३च्या कायद्याचा रोख हाच आहे: कशासाठी घेतलं ते सांगा आणि तेवढ्यालाच वापरा. एका मुलीने फोटो नको म्हटलं, तर तिच्या पानावर फोटो नाही.

जुन्या प्रमाणपत्रांनाही नवे कोड दिले. पण पहिल्या काही बॅचेसची जॉबकार्डं रद्दीत गेली आहेत. तिथे जॉबचा रकाना रिकामा आहे आणि ‘उपलब्ध नोंद: निकालपत्रक’ एवढंच लिहिलं आहे. आठवणीने भरू, असं एक सर म्हणाले होते. ताईंनी भरू दिलं नाही.

तो मुलगा

त्याला बोलावलं तेव्हा तो वडिलांना घेऊन आला. पोलिसांत जायचं की नाही, यावर ताईंचं आणि सरांचं बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी गेले नाहीत. मला स्वतःला ते पटलं होतं असं नाही.

गंमत अशी, की तो आमचाच विद्यार्थी होता. सात आठवडे आला होता, मग घरात आजारपण निघालं आणि कोर्स सुटला. हजेरीची वही काढली: झालेल्या २१० तासांपैकी १८६ तास हजर. फेसिंग आणि स्टेप टर्निंगचे जॉब एकट्याने केलेले, मापं ठरलेल्या मर्यादेत. पण संस्थेकडे देण्यासारखं दोनच होतं, पास झाल्याचं प्रमाणपत्र किंवा काहीच नाही. सात आठवड्यांच्या खऱ्या कामाला कागद नव्हता, म्हणून त्याने मित्राचा घेतला. त्याचं समर्थन कुणी केलं नाही. पण त्या दिवशी नोंदीत आणखी एक रकाना वाढला: प्रकार. ‘हजेरी’, ‘काही जॉब पूर्ण’ किंवा ‘कोर्स पूर्ण, मूल्यमापनासह’. पानावर हा प्रकार नावाखाली लगेच दिसतो, तळाशी बारीक अक्षरांत नाही.

त्याला दुसऱ्या प्रकाराचं प्रमाणपत्र दिलं. कोड हातात पडताच त्याने ऑफिसातच फोनवर टाकून बघितला. पान उघडलं. तो खालपर्यंत वाचत गेला आणि म्हणाला, “मॅडम, टेपरपण मी अर्धा केला होता.”

सरांनी जॉबकार्ड पुन्हा काढलं. टेपरचं माप कुणी घेतलेलं नव्हतं, तो रकाना रिकामा होता.

“मोजला नाही, म्हणून लिहिला नाही,” सर म्हणाले. “येऊन काढून दे, मग लिहितो.”